क्रीमच्या यादीतील एक टक्क्याची रेषा

प्रश्न: मी खानापूरची आहे. स्किनकेअरच्या लेबलवरची घटकांची यादी आणि जाहिरातीतले दावे समजावणारी मराठी कॅरोसेल करायची आहे. कुठल्याही कंपनीची जाहिरात नको आणि अतिशयोक्तीही नको. नेमके काय सांगावे?

उत्तर: मी बेळगावात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो आणि गेली काही वर्षे अशाच स्लाइड मराठीत तयार करतो. माझा सल्ला असा आहे की दहा घटकांची दहा वर्णने देण्यापेक्षा संपूर्ण कॅरोसेल एकाच नियमावर उभी करावी, कारण तो नियम समजला की बहुतेक दावे वाचकाला स्वतःच तपासता येतात. भारतातील कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र त्यांच्यामागून कोणत्याही क्रमाने छापले तरी चालतात. अडचण एवढीच की पहिला भाग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे लेबलवर कुठेही लिहिलेले नसते.

ही रेषा शोधण्यासाठी एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सीइथॅनॉल हे क्रीम टिकवणारे द्रव्य अनेक क्रीममध्ये असते आणि ते एक टक्क्याहून जास्त वापरण्यास परवानगी नाही. त्यामुळे यादीत त्याच्यानंतर जे काही येते, ते प्रत्येकी एक टक्का किंवा त्याहून कमीच असते. येथपर्यंतचे विधान पक्के आहे. पुढची चूक मात्र फार जण करतात आणि माझ्या पहिल्या स्लाइडमध्ये मीही ती केली होती: ‘फिनॉक्सीइथॅनॉलच्या आधीचे सगळे एक टक्क्याहून जास्त असते’ असे मी लिहिले होते. हे खरे नाही. शेवटच्या भागातला क्रम मोकळा असल्यामुळे अत्यल्प प्रमाणातला एखादा घटक फिनॉक्सीइथॅनॉलच्या आधी छापणे पूर्णपणे नियमात बसते.

हे उदाहरणाने दाखवावे. कोणत्याही खऱ्या उत्पादनाची यादी न घेता मी स्वतः बेतलेली यादी वापरतो, म्हणजे कुणाची जाहिरात होत नाही आणि बदनामीही होत नाही. समजा, ५० ग्रॅमच्या ट्यूबवर पुढे मोठ्या अक्षरांत ‘केशरयुक्त, तत्काळ उजळपणा’ असे लिहिले आहे आणि मागे हा क्रम आहे: ॲक्वा, ग्लिसरीन, सिटिअरिल अल्कोहोल, टायटॅनियम डायऑक्साइड, क्रोकस सटायव्हस अर्क, फिनॉक्सीइथॅनॉल, कार्बोमर, नायसिनामाइड, सोडियम हायल्युरोनेट, पर्फ्यूम.

ॲक्वा म्हणजे पाणी. सिटिअरिल अल्कोहोल हे नाव वाचून लोक घाबरतात, पण तो मेणासारखा घट्ट, स्निग्ध पदार्थ आहे आणि त्वचा कोरडी करणाऱ्या स्पिरिटशी त्याची गल्लत करू नये. क्रोकस सटायव्हस म्हणजे केशर. ते फिनॉक्सीइथॅनॉलच्या आधी पाचव्या जागी आहे, म्हणून वाचकाला ते बरेच असावे असे वाटेल. प्रत्यक्षात ते ०.०१ टक्का असले तरी या जागी छापता येते, आणि ५० ग्रॅमच्या ०.०१ टक्का म्हणजे फक्त ५ मिलिग्रॅम, साधारण दोन-तीन केशरकाड्यांच्या वजनाइतके. त्यातही घटकाचे नाव ‘अर्क’ असेल, तर त्या वजनाचा मोठा भाग पाणी किंवा ग्लिसरीन असू शकतो. तरीही स्लाइडवर ‘केशराच्या नावाने फसवणूक’ असे लिहू नये, कारण तेही आपल्याला ठाऊक नाही. मी असे लिहितो: ‘केशराचा अर्क यात आहे, तो किती आहे, हे या यादीवरून सांगता येत नाही.’ हे वाक्य कमी आकर्षक वाटले तरी त्यातला प्रत्येक शब्द टिकतो.

नायसिनामाइडबद्दल मात्र थोडे अधिक ठामपणे बोलता येते. त्वचेवरील डागांसाठी त्याचे जे अभ्यास झाले, त्यांत ते बहुधा २ ते ५ टक्के वापरले होते. या यादीत ते फिनॉक्सीइथॅनॉलनंतर आहे, म्हणजे एक टक्क्याच्या वर नाही; म्हणून त्या अभ्यासांचा आधार या ट्यूबला देता येणार नाही. पण यावरून ‘रेषेखालचे सगळे दिखाऊ’ असा निष्कर्ष काढू नका. रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्के एवढ्या प्रमाणातही काम करते, आणि वरच्या यादीतला कार्बोमर अर्ध्या टक्क्याहूनही कमी असताना सगळ्या क्रीमला घट्टपणा देतो. कोणता घटक किती प्रमाणात उपयोगी पडतो हे माहीत असेल तरच त्याच्या जागेला अर्थ आहे. नसेल तर ती स्लाइड गाळावी.

‘तत्काळ उजळपणा’ या दाव्याचे स्पष्टीकरण बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये मिळते. हे पांढरे रंगद्रव्य आहे. ते त्वचेवर पातळ थर धरते आणि चेहरा धुतला की निघून जाते. दुकानात एका काकूंना मी क्रीम मनगटाच्या आतल्या बाजूला लावून, थोड्या वेळाने साबणाने धुऊन पाहायला सांगितले, तेव्हा त्यांना वेगळे काही समजवावे लागले नाही. दावा खोटा नव्हता. तो कातडीच्या बदलाबद्दल नव्हता, एवढेच.

‘पॅराबेनमुक्त’ आणि ‘डर्मटॉलॉजिकली टेस्टेड’ यांना प्रत्येकी एक ओळ पुरे. पहिल्याचा अर्थ टिकवणारे द्रव्य दुसरे वापरले आहे एवढाच होतो, कारण पाणी असलेले क्रीम अशा द्रव्याविना लवकर नासते. पॅराबेन विषारी आहे, असे त्यावरून सुचवू नका. दुसऱ्यावरून चाचणी झाली हे कळते, पण किती जणांवर झाली आणि काय आढळले, हे कळत नाही.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी जरूर घ्या. पहिली अशी की खानापूर, निपाणीकडच्या गावांतील दुकानांत लहान ट्यूब आणि पाऊच जास्त खपतात, आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीमच्या किंवा ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या पॅकवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. त्यामुळे १५ ग्रॅमच्या ट्यूबवर यादी दिसली नाही, तर केवळ तेवढ्यावरून ती बनावट ठरवू नये. शिवाय यादी असते ती इंग्रजीत, आणि आपल्याकडे कुणाचे शिक्षण मराठीत झालेले असते तर कुणाचे कन्नडमध्ये. म्हणून चित्रात इंग्रजी नाव लेबलवर छापले आहे तसेच ठेवा आणि खाली देवनागरीत उच्चार द्या. वाचक अक्षरे जुळवून पाहतो, भाषांतर जुळवून पाहू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चेहरा उजळण्यासाठी म्हणून माझ्याकडे मागितल्या जाणाऱ्या काही ट्यूब सौंदर्यप्रसाधने नसून औषधे असतात आणि त्यांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ दिसतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा पातळ होते, पुरळ येते, आणि ट्यूब थांबवली की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. एक स्लाइड केवळ ओळखीसाठी ठेवा: वेष्टनावर उभी लाल रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांवर छापलेले शेड्यूल एच हे शब्द. यांपैकी काही दिसले, तर एक टक्क्याचा नियम त्या ट्यूबला लावू नये; आणि जी व्यक्ती ती आधीपासून लावत असेल, तिने ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, स्वतःहून एकदम बंद करू नये.