स्कॅनचा सेन्सर की अलार्मचा?

प्रश्न: आईला शुगरसाठी दंडावर लावायचा सेन्सर घ्यायचाय. फोन टेकवून स्कॅन करायचा असतो तो बरा, की आपोआप अलार्म देणारा? अलार्मसाठी जास्त पैसे घालण्यात खरंच अर्थ आहे का?

आधी एकच गोष्ट बघा. शुगर लो झाल्यावर तुमच्या आईंना कळतं का? हात थरथरतात, घाम येतो, भूक लागते आणि त्या स्वतः उठून साखर खातात, तर स्कॅनचा घ्या. कळत नसेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर अलार्मचाच घ्या, पैसे दुसरीकडे वाचवा. या वाक्यावरून आमच्या घरात अजून अबोला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई बरीच वर्षं इन्सुलिनवर आहेत. सकाळ-संध्याकाळ ३०/७०चं मिक्स इंजेक्शन, तेव्हा तेच चालू होतं. इतकी वर्षं लो होत राहिलं की शरीर धोक्याची खूण द्यायचंच बंद करतं, तसं त्यांचं झालंय. शुगर पंचावन्नवर आली तरी त्या निवांत वाटाणे सोलत बसलेल्या असतात, फक्त बोलणं जरा विसंगत होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं की अलार्मचा घेऊ. दीर म्हणाले, "वहिनी, सेन्सर तोच, आकडाही तोच. रात्री झोपताना एकदा स्कॅन केलं की झालं." त्यांनीच पैसे दिले, त्यामुळे साधा स्कॅनवाला आला, पहिल्या पिढीचा लिब्रे. त्यात अलार्म नाहीच.

त्या दिवशी एकादशी होती. आईंनी रात्री वाटीभर भगर खाल्ली आणि इंजेक्शन मात्र रोजच्या मापाने घेतलं. अकराला मी स्कॅन केलं तर १३८, आकड्याशेजारचा बाण आडवा. सगळं ठीक म्हणून झोपलो. सकाळी सहाला उठवायला गेले तर ब्लाउज घामाने चिंब, उशी ओली, डोकं धरून बसलेल्या. म्हणतात काय, "काही नाही गं, झोप छान लागली."

स्कॅन केलं आणि रात्रीचा सगळा आलेख समोर आला. बाराला १०८, एकला ७८, सव्वाच्या सुमारास सत्तरच्या खाली म्हणजे लो, दोनच्या आधीच ५४च्याही खाली म्हणजे धोक्याचा लो. तळ ४७चा. साडेतीननंतर आपोआप वर. रात्रभर त्या सेन्सरला सगळं माहीत होतं, पण कुणी फोन टेकवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. शिवाय त्याच्या पोटात फक्त आठ तासांचं मावतं. रात्री नऊला स्कॅन करून सकाळी सातला बघितलं असतं, तर सुरुवातीच्या दोन तासांची रेघच आली नसती.

आता आडव्या बाणाबद्दल, कारण तिथेच लोक फसतात. आडवा बाण म्हणजे शुगर स्थिर आहे असं नाही. मिनिटाला एक अंकापेक्षा कमी बदल होतोय, एवढाच त्याचा अर्थ. आईंची मिनिटाला साधारण अर्ध्या अंकाने उतरत होती, म्हणजे तासाला तीस. बाण आडवाच राहतो आणि सव्वादोन तासांत १३८चे ७० होतात. ३०/७०मधला लांब चालणारा भाग नेमका मध्यरात्रीनंतर जोरात असतो. पोटात भगर सोडून काही नाही, मग तो अडणार कुठे?

दिरांचं म्हणणं आजही हेच की आई त्या हातावर झोपल्या असतील, म्हणून खोटा लो दिसला. असं होतं, हे खरं आहे. सेन्सर दाबला गेला की तिथल्या पेशींमधल्या द्रवातलं ग्लुकोज तात्पुरतं कमी होतं आणि आकडा पडतो. पण तो पडतो विहिरीत दगड पडावा तसा, पाव-अर्ध्या तासात, आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येतो. इथे जवळपास तीन तासांचा एकसारखा उतार आहे आणि वर यायलाही वेळ लागलाय. सेन्सर डाव्या हाताला, आई कायम उजव्या कुशीवर. आणि घामाचं काय? भाऊजी, घाम हातावर झोपल्याने येत नाही.

अलार्मचा सेन्सर असता तर? आम्ही आता लोची मर्यादा ८०वर ठेवतो, कारण सेन्सर रक्तातलं नाही, पेशींमधल्या द्रवातलं मोजतो आणि ते रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतं. माणूस जागा व्हायलाही वेळ लागतो. त्या रात्री एकच्या जरा आधी फोन वाजला असता. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, एवढ्यावर भागलं असतं.

हे माझं एकटीचं मत नाही. लंडनच्या आय हार्ट सीजीएम अभ्यासात टाइप १ मधुमेहाचे ४० जण होते, सगळे लो न कळणारे किंवा नुकताच जोराचा लो होऊन गेलेले. अलार्मवाल्यांचा लोमधला वेळ घटला, स्कॅनवाल्यांचा जवळपास तसाच राहिला. पण २०१६च्या इम्पॅक्ट अभ्यासात स्कॅनच्याच सेन्सरने लोमधला वेळ ३८ टक्क्यांनी कमी झाला होता. ती माणसं चांगला ताबा असलेली होती आणि दिवसाला सरासरी पंधरा वेळा स्कॅन करत होती. म्हणजे स्कॅनचा सेन्सर वाईट नाही. तो बघणाऱ्याचा आहे. ज्याला भाताने किती वाढते, चालल्याने किती उतरते हे शिकायचंय, जो दिवसातून दहादा फोन टेकवेल, त्याला अलार्मची कटकट कशाला?

गंमत म्हणजे दीर स्वतः फक्त मेटफॉर्मिनवर आहेत, ज्याने एकट्याने लो सहसा होतच नाही. आणि दंडावर कोणता सेन्सर? अलार्मचा. जेवणानंतर १८०च्या वर गेलं की ऑफिसात वाजतो आणि ते बंद करतात.

त्यावरून आठवलं, अलार्मचे तोटेही आहेत. पहिल्या आठवड्यात हायचा अलार्म १८०वर ठेवलात तर घर वैतागेल आणि मग लोचाही कुणी ऐकणार नाही. हायचा बंदच ठेवा किंवा २५०वर न्या. फोन आईंच्या उशाशी हवा, ब्लूटूथ भिंतीपलीकडे दगा देतं. बॅटरी सेव्हर ॲपला झोपवतो, तो त्या ॲपपुरता बंद करा. आईंना ऐकू कमी येत असेल तर इंटरनेटवरून तुमच्या फोनवरही वाजेल अशी सोय आहे का ते दुकानातच विचारा. आणि नावावर जाऊ नका. लिब्रे २मध्ये अलार्म आहे, पहिल्यात नाही, त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचून घ्या.

तुमच्या आई कोणत्या औषधावर आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर इन्सुलिन नसतानाही लो होतो, विशेषतः किडनी अधू असेल तर. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. आणि आकडा अंगाच्या लक्षणांशी जुळत नसेल, तर कोणताही सेन्सर असो, बोट टोचून बघा. आमच्याकडे अलार्म आल्यावरही रात्रीचे लो थांबले ते डॉक्टरांनी संध्याकाळचं इंजेक्शन बदलल्यावरच. त्यांना पटलं ते त्या रात्रीचा आलेख दाखवल्यावर, आणि तो आलेख, खरं सांगायचं तर, दिरांच्या स्कॅनच्या सेन्सरचाच होता.