आधी किल्ली परत घ्या

ताई, कोथरूडचा माझा वन बीएचके २४,००० रुपये भाड्यानं दिलाय. १ जूनपासून अकरा महिन्यांचा करार ठरला. मसुदा तयार आहे, फक्त अंगठे व्हायचेत. आता भाडेकरू म्हणतो, "काकू, पंधरा दिवस उशिरा येतो, करारही १५ जूनपासून करा." मुलगा चांगला आहे, परवाच चार खोकी ठेवायला किल्ली घेऊन गेला. पण चौदा दिवसांचे ११,२०० रुपये मी का सोडू? अडून बसू का?

– एक घरमालकीण, पुणे

काकू, ११,२०० चा हिशेब तुम्ही अगदी चोख केलात आणि किल्ली मात्र बोलता बोलता देऊन बसलात! करारावर अंगठा नाही, नोंदणी नाही, आणि घरात त्याची खोकी. म्हणजे भाडं १५ तारखेपासून, घराचा वापर मात्र परवापासूनच. तुमचा फ्लॅट सध्या फुकटातलं गोदाम आहे.

मुलगा चांगला असेलच, माझं त्याच्याशी भांडण नाही. राग तुमच्यावर आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, म्हणजे तुमची. नोंदलेला कागद नसेल आणि उद्या वाद झाला, तर काय ठरलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोडायचं असेल तर पुरावा तुम्ही आणायचा. कुठून आणाल? "काकू, किल्ली द्या ना" एवढंच तर बोलणं झालंय.

तेव्हा आजच फोन करा आणि सांगा: "१५ तारीख हवी असेल तर खोकी उचल आणि किल्ली परत दे. खोकी राहणार असतील तर करार १ तारखेपासूनच." तिसरा मार्ग त्याला देऊ नका. मालकाचं तोंड पाहून ही मुलं "दोनच दिवस" म्हणतात, तेव्हा विरघळू नका.

त्यानं किल्ली दिली, तर तारीख खुशाल बदला. अंगठे व्हायच्या आत एजंट मसुद्यात ती सहज बदलून देतो. एकदा नोंदणी झाली, की मात्र खाडाखोड चालत नाही, दुरुस्तीचा वेगळा दस्त नोंदवावा लागतो. फक्त सुरुवातीची तारीख बदलून थांबू नका, शेवटचीही पुढं न्या. १५ जूनपासून अकरा महिने १४ मे रोजी संपतात. जुनी ३० एप्रिल तशीच राहिली, तर करार साडेदहा महिन्यांचाच होईल. भाडं दर महिन्याच्या कोणत्या तारखेला द्यायचं, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आणि हो, किल्ली हातात आली की त्यानं दुसरी करून घेतली नाही ना, हे सरळ विचारा. उत्तर देताना अडखळला, तर कुलूपच बदला.