‘सेकंडरी’ म्हणजे कितवी स्टेज?

प्रश्न (कळवा, ठाणे): काकांच्या किडनी बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘काँगो रेड पॉझिटिव्ह, सेकंडरी अमायलॉइडोसिस’ असं आलंय. सेकंडरी म्हणजे दुसऱ्या स्टेजचा का? मराठीत काय म्हणायचं? लघवीतून दिवसाला ७ ग्रॅम प्रोटीन जातंय, पाय सुजलेत. जुना टीबी आहे.

स्टेजचा इथे काही संबंध नाही. अमायलॉइडोसिस म्हणजे प्रथिनाचे चिवट तंतू, म्हणजेच अमायलॉइड, अवयवात साचणं. एखाद्या आजाराच्या मागोमाग आलेला, तो सेकंडरी. मी ‘अनुषंगिक’ म्हणेन. ‘दुय्यम’ नको, कारण ते किरकोळ वाटतं, आणि ७ ग्रॅम किरकोळ नाहीत. निरोगी माणसाचं प्रोटीन दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आतच जातं.

टीबीनंतर फुप्फुसाच्या नळ्या खराब होऊन वारंवार जंतुसंसर्ग होत राहिला, तर शरीरात दाह वर्षानुवर्षं धुमसतो. त्यामुळे यकृत ‘सीरम अमायलॉइड ए’ हे प्रथिन भरमसाट बनवतं. त्याच्या तुकड्यांचे चिवट तंतू किडनीच्या गाळणीत साचतात, गाळणी अल्ब्युमिन धरून ठेवू शकत नाही आणि अंगावर सूज येते. हा ‘एए’ प्रकार.

अमायलॉइडोसिसचा दुसरा प्रकार ‘एएल’; त्याचं मूळ अस्थिमज्जेत. तिथल्या प्लाझ्मा पेशींचा एक बिघडलेला गट अँटिबॉडीची लाइट चेन, म्हणजे हलकी साखळी, अखंड सोडत राहतो आणि तिचेच तंतू साचतात. (हे ‘लाइट’ वजनातलं. एका भाषांतरात मी ‘प्रकाश साखळी’ वाचली आहे!)

आता तुमच्या रिपोर्टमधली खरी मेख. काँगो रेड हा मुळात कापड रंगवायचा रंग. किडनीचे नेहमीचे काप २-३ मायक्रॉनचे असतात, पण याच्यासाठी ८ ते १० मायक्रॉनचा जाड काप घेतात, नाहीतर थोडं अमायलॉइड असलं तर नजरेतून सुटतं. साध्या उजेडात ते विटकरी-गुलाबी दिसतं, ध्रुवित प्रकाशात कच्च्या सफरचंदासारखं हिरवं चमकतं. पण एए असो वा एएल, चमक तीच. म्हणजे ‘काँगो रेड पॉझिटिव्ह’ने अमायलॉइड आहे एवढंच ठरतं; ‘सेकंडरी’ हा शब्द त्यातून निघत नाही.

तो निघतो पुढच्या तपासणीतून. त्याच बायोप्सीवर कॅपा आणि लॅम्डा या दोन प्रकारच्या हलक्या साखळ्या आणि अमायलॉइड ए, यांना ओळखणाऱ्या अँटिबॉडी लावतात. साचलेल्या जागी अमायलॉइड ए ठळक उमटलं आणि कॅपा-लॅम्डा कोरे राहिले, तर एए. एकटी लॅम्डा किंवा एकटी कॅपा उमटली, तर एएल. निकाल संदिग्ध आला तर साचलेलं प्रथिन नेमकं कोणतं ते थेट ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री ही तपासणी करतात.

नुसत्या जुन्या टीबीवरून ‘सेकंडरी’ लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही, कारण टीबी होऊन गेलेल्या माणसालाही एएल होऊ शकतो. एएलमध्ये प्लाझ्मा पेशींवर केमो द्यावी लागते. एएमध्ये मूळ संसर्ग किंवा दाह आटोक्यात आणायचा असतो. तेव्हा काकांच्या रिपोर्टमध्ये अमायलॉइड ए, कॅपा आणि लॅम्डा यांच्यापुढे काय लिहिलंय ते बघा. त्या ओळीच नसतील, तर प्रकार कशावरून ठरवला हे नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.