बी.एड. इंटर्नशिप चालू असताना चर्चासत्राला जायचं असेल तर प्राचार्यांना अर्ज कसा लिहायचा?

प्रश्न: मी बी.एड. सेकंड इयरला आहे, सध्या एका शाळेत इंटर्नशिप चालू आहे. पुण्यात शुक्रवार-शनिवार शिक्षणावर एक चर्चासत्र आहे, रजिस्ट्रेशन पण केलंय. प्राचार्य मॅडमना रजेचा अर्ज कसा लिहू? आणि ते दोन दिवस हजेरीतून कापले जातील का?

उत्तर: मी बी.एड. कॉलेजात शिकवतो आणि आमच्याकडे असे अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर जायच्या आधी मार्गदर्शक प्राध्यापकाच्या सहीला येतात, त्यामुळे हे कागद बरेच बघितलेत. बहुतेकांचा मजकूर नेटवरनं उचललेला असतो, "माझी प्रकृती ठीक नसल्यामुळे" काढून तिथे "चर्चासत्र असल्यामुळे" टाकलेलं असतं आणि बाकी सगळं तसंच. आजारपणाच्या अर्जाचा साचा इथे चालत नाही, कारण आजारी माणूस फक्त गैरहजेरी माफ करा म्हणतो, तुम्हाला मात्र दोन गोष्टी मागायच्यात: जायची परवानगी, आणि ते दोन दिवस हजेरीत धरले जावेत ही विनंती. दुसरी गोष्ट लिहिलीच नाही तर मॅडम परवानगी देतील आणि मस्टरवर खाडा पडायचा तो पडेलच.

आधी हजेरीचं बघू कारण खरी अडचण तिथेच असते. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड.ला वर्गातल्या कामाला आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के हजेरी लागते पण शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. म्हणजे हेच चर्चासत्र कॉलेजचे तास चालू असताना आलं असतं तर कुणी फारसं बघितलं नसतं. सेकंड इयरची इंटर्नशिप साधारण १६ आठवड्यांची असते, सुट्ट्या वजा जाता शाळेचे समजा ९० दिवस भरले तर त्यात ८१ दिवस हजर राहावंच लागतं, हातात उरतात ९. त्यातले दोनतीन आजारपणात आणि एखादा घरच्या लग्नात आधीच गेला असेल तर हे दोन दिवस जड जातात. म्हणून अर्ज लिहायच्या आधी शाळेच्या मस्टरवर आपले खाडे किती झालेत ते मोजून घ्या, मॅडम पहिलं तेच विचारतील.

आता दुसरी गोष्ट, जी पोरं हमखास विसरतात. इंटर्नशिपमध्ये तुम्ही कॉलेजचे विद्यार्थी असलात तरी सही शाळेच्या मस्टरवर करता आणि शेवटी किती दिवस हजर होता ते मुख्याध्यापकच लिहून देतात. कॉलेजने परवानगी दिली आणि शाळेला कळवलंच नाही तर शाळेच्या कागदावर तुम्ही सरळ गैरहजर, मग चार महिन्यांनी ते निस्तरायला कॉलेजच्या क्लार्कच्या मागे फिरा. त्यामुळे अर्ज प्राचार्यांच्या नावे, मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत, आणि प्रत मुख्याध्यापकांना. नोकरीतल्या शिक्षकाला कर्तव्य रजा मिळते तशी छात्राध्यापकाला हक्काची रजा नसते. हजेरी धरायची की नाही हे प्राचार्यांवर आणि तुमच्या विद्यापीठाच्या इंटर्नशिपच्या सूचनांवर आहे, तेव्हा विनंतीच्या सुरातच लिहा.

आणि तुमच्या तासांचं काय? "माझे तास सहकारी घेतील" असं मोघम लिहिलेला अर्ज मी सही न करता परत देतो. कुठला वर्ग, कितवी तासिका, कोण घेणार हे लिहा आणि त्या विषयाच्या शाळेतल्या शिक्षकांना आधी भेटून या. नाहीतर होतं असं की मैत्रिणीने हो म्हटलेलं असतं पण त्याच तासिकेला तिचा स्वतःचा पाठ असतो, आठवीचा वर्ग मोकळा सुटतो, पोरं व्हरांड्यात, आणि मुख्याध्यापकांचा फोन थेट कॉलेजला. निरीक्षणाचा पाठ असेल तर तो बदलीवर देता येत नाही, निरीक्षक प्राध्यापकांकडून आधीच पुढची तारीख मागून घ्या.

समजा तुमची अध्यापन पद्धती मराठी विषयाची आहे आणि चर्चासत्र १२ आणि १३ डिसेंबरला आहे, तर अर्ज साधारण असा होईल:

दि. १ डिसेंबर २०२५
प्रति,
मा. प्राचार्य, (कॉलेजचं नाव, गाव)
मार्फत: मार्गदर्शक प्राध्यापक, (गट क्रमांक)
विषय: चर्चासत्रास उपस्थित राहण्याची परवानगी मिळणे व सदर दिवसांची हजेरी ग्राह्य धरणेबाबत.

महोदया,
मी बी.एड. द्वितीय वर्षाची छात्राध्यापिका असून (शाळेचं नाव) येथे माझी आंतरवासिता सुरू आहे. दि. १२ व १३ डिसेंबर २०२५ रोजी पुणे येथे (आयोजक संस्था) यांनी 'बहुभाषिक वर्गातील मराठीचे अध्यापन' या विषयावर चर्चासत्र आयोजित केले आहे. माझी अध्यापन पद्धती मराठी असल्याने त्यास उपस्थित राहण्याची माझी इच्छा आहे.
शुक्रवारी इयत्ता ८ वी ब ची तिसरी तासिका माझ्या गटातील (नाव) घेणार आहेत. शनिवारी सकाळच्या सत्रात होणारा माझा निरीक्षण पाठ निरीक्षकांच्या संमतीने मंगळवार दि. १६ रोजी ठेवला आहे. दोन्ही बदलांस शाळेतील विषय शिक्षकांची संमती घेतली आहे. आजपर्यंत आंतरवासितेत माझी अनुपस्थिती ३ दिवस आहे.
तरी मला दोन दिवसांची परवानगी मिळावी व उपस्थिती प्रमाणपत्र सादर केल्यावर हे दिवस हजेरीत ग्राह्य धरावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, हजेरी क्रमांक)
सोबत: माहितीपत्रक, नोंदणीची पावती
प्रत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव)

एवढंच पुरे, एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. चर्चासत्रामुळे माझ्या ज्ञानात भर पडेल वगैरे वाक्यं काढून टाका, ती सगळ्यांच्याच अर्जात असतात. त्याऐवजी विषय तुमच्या पद्धतीशी जुळतो हे एका वाक्यात आलं की पुरतं. तुम्ही तिथे पेपर वाचणार असाल तर मात्र ते विषयाच्या ओळीतच टाका आणि स्वीकृतीचं पत्र जोडा, नुसतं ऐकायला जाणाऱ्यापेक्षा अशा अर्जाला लवकर हो मिळतं. माहितीपत्रक म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारं पोस्टर जोडू नका, त्यात सत्रांच्या वेळा नसतात. गावाहून पुण्याला जायला गुरुवारी दुपारीच निघावं लागणार असेल तर तेही लिहा, तो अर्धा दिवस नंतर तोंडी सांगून जमत नाही.

निदान आठवडाभर आधी द्या. दोन प्रती न्या, ऑफिसमध्ये आवकचा शिक्का मारून एक स्वतःकडे ठेवा. मॅडमचा शेरा पडला की त्याची झेरॉक्स स्वतः शाळेत नेऊन द्या, कॉलेज पाठवेल म्हणून बसू नका, पाठवत नाहीत. आल्यावर सोमवारी प्रमाणपत्राची झेरॉक्स दोन्हीकडे द्या आणि मस्टरवर त्या दोन तारखांपुढे शाळेने काय लिहिलंय ते बघा, खाडा दिसला तर मॅडमच्या शेऱ्याची प्रत दाखवून तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.