मुलगा आठ वर्षांचा आहे. एडीएचडीची गोळी सुरू करायची, तर डॉक्टर आधी हृदयाचं विचारताहेत आणि डोस दर आठवड्याला बदलणार म्हणतात. असं का?

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आमच्या क्लिनिकमध्येही मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध असंच सुरू होतं.

या औषधाने नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. निरोगी हृदयाला त्याचा त्रास होत नाही, भीती असते ती लपलेल्या दोषाची. म्हणून मी विचारते: धावताना कधी चक्कर येऊन पडला का? छातीत दुखतं का? घराण्यात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का? हा शेवटचा प्रश्न आजी-आजोबांनाही विचारा. पोहता येत असूनही बुडालेला, म्हणजे कदाचित पाण्यात हृदयच बंद पडलेला, एखादा काका आईवडिलांना आठवत नाही, आजीला आठवतो. काही आढळलं किंवा स्टेथोस्कोपने मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, ऐकू आला, तर ईसीजी आणि बाल-हृदयरोगतज्ज्ञ. सगळं ठीक असेल, तर प्रत्येक मुलाचा ईसीजी मी काढत नाही. नाडी, रक्तदाब, उंची आणि वजन मात्र पहिल्या गोळीआधी लिहिलेलं हवंच, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

डोस नुसत्या वजनावरून ठरत नाही. सारख्याच वजनाच्या दोन मुलांना वेगवेगळा लागतो, म्हणून कमीपासून चढत जायचं. चोवीस किलोच्या एका मुलाचं सांगते. पहिल्या आठवड्यात सकाळी ५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात दुपारी आणखी ५, कारण साध्या गोळीचा असर तीन-चार तासच टिकतो. तिसऱ्यात सकाळी १०, दुपारी ५. वर्गशिक्षिकेच्या प्रश्नावलीत आता गणितं पूर्ण होत होती. चौथ्यात १० आणि १० केलं, तर बाई म्हणाल्या, "शांत बसतो, पण मधल्या सुट्टीतही कुणाशी बोलत नाही." ही सुधारणा नव्हे, डोस जास्त झाल्याची खूण आहे. आम्ही १० आणि ५ वर परतलो. वाढवताना प्रत्येक वेळी नाडी आणि रक्तदाब पुन्हा मोजले. शांत बसलेल्या मुलाची नाडी १२०च्या वर राहिली, तर डोस कमी करून हृदयाची तपासणी करून घ्यायची.

तीन महिन्यांनी त्याचं वजन पाऊण किलो उतरलं होतं. डबा तसाच परत यायचा. मग गोळी नाश्त्यानंतर द्यायला सांगितली आणि संध्याकाळी, असर उतरून भूक परतली की, पोळी-भाजी-वरणभात असं पूर्ण जेवण. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं वजन मी दर तीन महिन्यांनी घेते आणि उंची दर सहा महिन्यांनी. हे आकडे वाढीच्या तक्त्यावर मांडायचे. या वयात वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. मुलाची रेष तक्त्यावर खाली सरकू लागली, तर डोस कमी करणं, सुट्टीत औषध थांबवणं किंवा दुसरं औषध, याचा विचार होतो. पण हे परस्पर करू नका, डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.