पहिलं पत्र पाइपवाल्याला

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

पाइपच्या कारखान्याला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. पाऊण पान नमस्कार आणि 'मी लहान दुकानदार' यातच गेलंय, मागणी मात्र अगदी शेवटी, तीही 'स्प्रिंकलरचे पाइप हवेत, योग्य भाव लावावा' एवढीच.

दारव्ह्याकडे दुकान टाकलं तेव्हा मीही हेच लिहिलं होतं. रात्री चार कागद फाडले, पाचवा पाठवला. महिन्यानं छापील दरपत्रक आलं, सोबत एक ओळही नाही. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, उत्तर देता येईल असं मी काही विचारलंच नव्हतं. तिथल्या माणसाला माल किती, कोणता, कुठे आणि कधी एवढंच हवं असतं.

दुसऱ्या पत्रात लिहिलं: '75 मिमी, 20 फुटी पाइप 200 नग, नोझल 50, बेंड आणि एंडकॅप प्रत्येकी 20. माल दिवाळीआधी दुकानात पोचता हवा.' आठवड्यात भाव आला. स्वस्त वाटला म्हणून लगेच पैसे भरले, आणि तिथेच फसलो. भाव कारखान्यातल्या मालाचा होता, भाडं माझ्यावर. वीस फुटी पाइप पिकअपमध्ये बसत नाही, ट्रकच लागतो. पाइप हलका, पण जागा खातो. माझ्या मालानं अर्धाच ट्रक भरला आणि भाडं पूर्ण द्यावं लागलं. त्या हंगामात पाइपवर काहीच सुटलं नाही.

म्हणून तू स्पष्ट विचार: भाव दुकानात पोच आहे की गोडाऊनचा? जीएसटी धरून की वेगळा? पूर्ण गाडीला किती नग लागतात? तो आकडा आला की शेजारच्या गावातल्या दुकानदाराला सोबत घे, एकाच गाडीत दोघांचा माल येईल.

आणखी एक. आपल्या शेतकऱ्याकडे जुने पाइप आधीच पडलेले असतात. नव्या पाइपची कडी जुन्या कप्लरला बसली नाही, की तो भरल्या रानातून पाइप परत घेऊन येतो. नमुन्याचे दोन पाइप विकत मागव आणि गावात लावून बघ. मगच मोठी ऑर्डर दे.

उधारीचं पहिल्या पत्रात काढू नकोस. 'कोटेशन आल्यावर पूर्ण रक्कम बँकेतून भरतो' असं लिही. दोन गाड्या वेळेवर पैसे देऊन उचलल्यावर मला तीस दिवसांची मुदत मिळाली, तीही मागितल्यावरच.

दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, पिनकोड, मोबाइल वरच्या कोपऱ्यात घाल. ट्रक गावात कुठपर्यंत येतो तेही लिही. तुझ्या पुलाजवळची वळणं मला माहीत आहेत.

सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी पाइपची विचारणा सुरू होते. तेव्हा पत्र पोळ्याच्या आत टाक. नवा मसुदा आधी मला दाखव.

तुझा,
काका