मशीनचा हप्ता निघेल, पण पहिले चार महिने कशावर काढणार?

"गोकुळ शिरगावात भाड्याच्या शेडमध्ये व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशिनिंगचं मशीन टाकून जॉबवर्क करायचा विचार आहे. मशीन २८ लाख, फिक्श्चर, कॉम्प्रेसर आणि टूल्स ४ लाख. कर्ज २४ लाख, माझे ८ लाख. शिल्लक १० लाख आहे. ओळखीची एक फाउंड्री काम द्यायला तयार आहे. बँक घर तारण मागते. दिवाळीनंतर राजीनामा देऊ का? आराखडा पाठवलाय, स्पष्ट बोल."

भावा, आराखडा दोनदा वाचला. काम तुला येतं, यात शंका नाही. पाचही पार्टचा सायकल टाइम तू स्टॉपवॉच लावून घेतलास, फिक्श्चरची ड्रॉइंग जोडलीस. कर्जाच्या फाईलमध्ये असलं काही सहसा बघायला मिळत नाही. स्वतःची जागा घ्यायच्या मोहात पडला नाहीस, हेही बरं केलंस. घरखर्च वहिनींच्या पगारावर चालणार असल्याने तुला पहिल्या दिवसापासून धंद्यातून पैसे काढावे लागणार नाहीत, ही तर मोठी जमेची बाजू.

पण तीन मोठी भगदाडं आहेत.

पहिलं तासांचं. रोज २० तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ५२० तास, आणि तासाला ४५० रुपये, असा तुझा हिशोब आहे. स्टॉपवॉचमध्ये पार्ट चढवणं-उतरवणं, टूल बदलणं, तपासणी हे काही येत नाही. पाच वेगवेगळे पार्ट आहेत, त्यामुळे लॉट बदलला की सेटिंगला दोन-तीन तास जातील. रात्रपाळीचा ऑपरेटर दांडी मारणारच. सुरुवातीला ३०० तास बिलात आले तरी खूप झालं. त्याचे १ लाख ३५ हजार होतात. खर्च बघ: ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण ५२ हजार, दोन ऑपरेटर ३६, वीज १८, टूल-कूलंट १५, भाडं १५. बेरीज १ लाख ३६ हजार. म्हणजे ३०० तासांना तू काठावर आहेस, आणि तुझ्या हातात शून्य.

दुसरं भगदाड मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते नफ्या-तोट्याच्या पानावर दिसतच नाही. मशीनचं कोटेशन जीएसटी सोडून आहे. १८ टक्क्यांनी ५ लाख ४ हजार वर जातील, आणि तुझ्या कर्जाच्या आकड्यात ते धरलेले नाहीत. इनपुट क्रेडिट मिळेल हे खरं, पण ते रोख परत येत नाही, तुझ्या बिलांवरच्या करातून वळतं होतं. महिन्याला १ लाख ३५ हजाराच्या बिलावर २४ हजार ३०० कर, म्हणजे ते पाच लाख सुटायला पावणेदोन वर्षं लागतील. त्यात फाउंड्री ९० दिवसांनी पैसे देते, असं तूच लिहिलंयस. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेरीला गेलं, तर पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी येणार. तोवर चार महिन्यांचा खर्च, जवळजवळ साडेपाच लाख, खिशातून. तुझे ८, जीएसटीचे ५ आणि हे साडेपाच, मिळून साडेअठरा लाख लागतात. तुझ्याकडे १० आहेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आजच करून टाक. कायद्याने अशा उद्योगाकडून लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही, करार नसेल तर १५ दिवसच. शिवाय प्राप्तिकराच्या नियमामुळे, वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट गिऱ्हाइकाला पैसे देईपर्यंत मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले जरा हलतात. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तू तक्रार करणार आहेस का? नाही करणार.

आणि हेच तिसरं. सगळं एका फाउंड्रीवर आणि तेही तोंडी. कास्टिंग त्यांचं असतं, त्यातलं ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, मात्र तुझ्या मशीनवर उघडं पडतं. तोवर झालेल्या मशिनिंगचे पैसे कोण देणार? तुझ्या चुकीने पार्ट रिजेक्ट झाला तर कास्टिंगची पूर्ण किंमत डेबिट होणार की त्यातून भंगाराची किंमत वजा होणार? यातलं काहीच ठरलेलं नाही. त्यांचं बरंचसं काम ट्रॅक्टरचं आहे, पाऊस बिघडला की आधी बाहेरचं जॉबवर्क थांबतं.

म्हणून घर तारण ठेवून दिवाळीनंतर राजीनामा, याला माझा नकार आहे. आधी दर, उधारीचे दिवस आणि रिजेक्शनच्या अटी लिहिलेली ओपन ऑर्डर घे. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून निदान १०० तासांचं काम मिळव, तेही पंप किंवा व्हॉल्व्हवाल्याकडून, ट्रॅक्टरच्या बाहेरचं. बँकेला सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जहमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज विचार. हमी शुल्क पडेल, पण घर मोकळं राहील. जीएसटीसह कोटेशनवर कर्ज, वेगळी कॅश क्रेडिट मर्यादा आणि सहा महिने फक्त व्याज, एवढं माग. २४ लाखांवर व्याज महिन्याला २२ हजार होतं, म्हणजे त्या काळात दर महिन्याला ३० हजार हातात राहतील. यातलं निम्मंच मिळालं, तर नवं मशीन सोड आणि जुनं चांगलं व्हीएमसी बघ. स्पिंडल आणि बॉलस्क्रू तपासायला तुझ्याइतका माणूस मला दुसरा माहीत नाही.

शेडचा अ‍ॅडव्हान्स अजून दिला नसशील तर देऊ नकोस. ऑर्डरचा कागद आला की महिन्यावार रोख पैशाचा तक्ता आपण दोघं बसून नव्याने मांडू.